हिशेब ताईंसमोर करा

घरी आजारी आईवडिलांसाठी घेतलेली सेवा बंद करायची ठरली की पहिला फोन ब्युरोला जातो. करारात सात दिवसांची नोटीस लिहिलेली असते, ती आपण इमानेइतबारे देतो. ज्या ताई रात्रंदिवस वडिलांच्या उशाशी आहेत, त्यांना मात्र शेवटच्या दिवशी कळतं. फार तर आदल्या संध्याकाळी. 'आत्ताच बोलू नका, कामातलं लक्ष उडेल,' असं ब्युरोवालेच सांगतात. सल्ला वाईट आहे. तो आपण निमूट पाळतो, हे त्याहून वाईट आहे.

चोवीस तासांची ड्युटी म्हणजे राहणं-जेवणं पेशंटच्याच घरी. या कामातल्या अनेक जणी मराठवाड्यातून, विदर्भातून पुण्या-मुंबईत आलेल्या असतात. लांबची ड्युटी मिळाली की भाडं वाचवायला खोली सोडतात. ड्युटी सुटते त्या दिवशी रोज तर बंद होतोच, रात्री झोपायचं कुठे हाही प्रश्न उभा राहतो. सात दिवस आधी कळलं तर त्या चार ठिकाणी शब्द टाकतील, मैत्रिणीकडे सोय बघतील. नोटीस त्यासाठीच असते. ती फक्त ब्युरोच्या ऑफिसपर्यंत पोचली तर तिचा उपयोग काय?

आता पैशांचं. पुण्यात माझ्या मावसबहिणीच्या घरचा हिशेब सांगते. काका अर्धांगवायूने अंथरुणावर. त्यांना नाशिकला भावाकडे हलवायचं ठरलं. ड्युटीचे दिवसाला 1100 रुपये. त्यातले 200 ब्युरोचे, 900 ताईंचे. पंधरा तारखेपर्यंतचं बिल चुकतं केलेलं. 16 ते 22 असे सात दिवस उरले, म्हणजे 7700. अनामत 10,000 ब्युरोकडे होती. ब्युरोने सांगितलं, 'अनामतीतून वळते करतो, 2300 परत पाठवतो.' घरच्यांच्या दृष्टीने विषय संपला. ताईंच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला.

कारण या सात दिवसांत 19 तारखेला ताईंचा खाडा होता आणि एक बदली बाई येऊन गेली होती. म्हणजे ताईंचे सहा दिवसांचे 5400 आणि बदलीवालीचे 900. हे पैसे ब्युरोने द्यायचे, तेही पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला. ड्युटी तुटल्यावर ही दहा तारीख हमखास लांबते. विचारायला गेलं की एकच उत्तर मिळतं, 'पार्टीकडून पेमेंट आलेलं नाही.' पार्टी म्हणजे आपण. आपण दिलेले पैसे आपल्याच नावावर अडवून ठेवले जातात आणि आपल्याला पत्ताही नसतो. अनामतीतून परस्पर वळतं केलं की हे आणखी सोपं होतं, कारण पैसे दिल्याचा कागद कुणाच्याच हातात नसतो.

बहिणीने म्हणून अनामतीतून वळतं करू दिलं नाही. 7700 बँकेतून वेगळे भरले. पावतीवर 'ताई सहा दिवस, बदली एक दिवस' असं तारखांसकट लिहून घेतलं, आणि त्या पावतीचा फोटो दोघींच्या मोबाइलवर पाठवला. अनामतीचे 10,000 पूर्ण परत मागितले. त्याला थोडे दिवस लागले, पण ते थांबणं घराला झेपणारं होतं. ताईंना 5400 साठी थांबणं झेपलं नसतं. हजेरीच्या कागदावर शेवटची सही करण्याआधी तारखा ताईंना वाचून दाखवल्या, हेही महत्त्वाचं. सकाळी नऊ ते सकाळी नऊ अशी ड्युटी असेल आणि ताई संध्याकाळी निघणार असतील, तर तो दिवस पूर्ण धरायचा की अर्धा, यावर हमखास वाद होतो. तो पूर्ण धरा. त्या दिवशी त्यांना दुसरी ड्युटी मिळणार नसते.

उचलीचा प्रश्न प्रत्येक घरात असतो. मुलीच्या फीसाठी ताईंनी 3000 घेतले होते. ते ब्युरोला सांगून पगारातून कापून घ्यायचे नाहीत. घर आणि ताई यांच्यातला तो व्यवहार आहे. ते बक्षीस धरायचे असतील तर तसं तोंडाने स्पष्ट सांगा, नाहीतर त्यांच्या मनावर कर्ज राहतं. आणि निघताना हातात वेगळं काहीतरी द्या, कारण ते 3000 केव्हाच खर्च झालेले असतात.

बॅग तपासायची, असं काही घरांत अजून ठरलेलं असतं. ही मानहानी बंद झालीच पाहिजे. किल्ली, औषधांचा डबा, भाड्याचा एअर बेड असं सगळं आदल्या दिवशी ताईंसोबत बसून मोजून घ्या. काम नीट होतं आणि कुणाची मान खाली जात नाही.

त्याच बैठकीत त्यांची वही मागा. काकांच्या ताईंनी शंभर पानी वहीत रेघा मारून तक्ता केला होता: कूस बदलल्याची वेळ, लघवी किती मिली, नळीतून काय आणि किती दिलं. दर दोन तासांनी कूस, एकदा डावी, एकदा उजवी. एका पानावर लाल पेनाने लिहिलं होतं, 'उजव्या टाचेला लाली, उशी टाचेखाली नको, पोटरीखाली.' बेडसोअर सुरू होण्याआधी लाली दिसते, ती त्यांनी पकडली होती. नळीतून पातळ जेवण देताना डोकं उंच ठेवायचं, आधी नाकाशी नळीवरची खूण जागेवर आहे का बघायचं, शेवटी पाणी सोडायचं आणि लगेच आडवं करायचं नाही, हे सगळं त्यांनी नाशिकच्या वहिनींना समोर करून दाखवलं. ही माहिती डिस्चार्ज कार्डावर नसते. वहीची झेरॉक्स आपण ठेवावी, मूळ वही ताईंना द्यावी. ती त्यांच्या कामाचा पुरावा आहे.

आभाराचं म्हणाल तर साडी, मिठाई जरूर द्या. पण एक कागद द्याच. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती तासांची ड्युटी, पेशंटला काय झालेलं होतं, नळीचं जेवण, कॅथेटरची पिशवी, कूस बदलणं यातलं काय काय केलं, खाली सही आणि फोन नंबर. असा कागद नसेल तर पुढचं ब्युरो त्यांना नवखी आया म्हणून कमी दराने पाठवतं. एक पथ्य मात्र पाळा. त्यांनी नर्सिंगचं शिक्षण घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी केलेली नसेल, तर कागदावर 'नर्स' लिहू नका. खोटं पद पुढे त्यांनाच गोत्यात आणतं. जे केलं ते लिहा, तेवढं पुष्कळ आहे.

पेशंट गेला आणि सेवा थांबली, असं असेल तर अनेक करारांत नोटीस माफ असते. घरासाठी ते योग्यच आहे. पण ताईंसाठी ती एका रात्रीत गेलेली नोकरी आहे. त्या रात्री त्यांना घराबाहेर पाठवू नका, आणि जमत असेल तर चार-पाच दिवसांचा रोज त्यांच्या हातात द्या, ब्युरोमार्फत नको.

तुमच्या घरी येत्या महिन्यात सेवा बंद होणार असेल, तर आज संध्याकाळी ताईंना समोर बसवून तारीख सांगा. ब्युरोला उद्या सकाळी कळवलं तरी चालेल.