मोडलेल्या केळ्याची मीमांसा

दीड ते तीन वर्षे वयाच्या मनुष्यप्राण्याला केळे हवे असते, ते त्याला मिळते, आणि मिळताक्षणी तो जमिनीवर अंग टाकून भोकाड पसरतो; कारण केळे सोलून देणाऱ्या व्यक्तीने ते खायला सोयीचे जावे म्हणून मधोमध मोडलेले असते. दोन तुकडे अखंड केळ्याइतकेच गोड लागतात, हा युक्तिवाद येथे निरुपयोगी ठरतो, आणि दुसरे केळे पुढे केले असता हेच हवे पण न मोडलेले, अशी मागणी येते, जी पुरी करणे पदार्थविज्ञानाला अद्याप साधलेले नाही. नवखे आईबाप अशा वेळी मूल हट्टी असल्याचे किंवा आजीने लाडावून ठेवल्याचे निदान करतात. आजीच्या मते मात्र ते थेट बापावर गेलेले असते.

वस्तुस्थिती अशी की या वयात इच्छा पुरेपूर वाढलेली असते आणि तिला आवरणारी यंत्रणा नुकतीच आकार घेत असते. मनात उठलेली ऊर्मी कृतीत उतरण्याआधी क्षणभर रोखून धरणे, यालाच आत्मनियंत्रण म्हणतात. ते प्रामुख्याने कपाळामागच्या, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स नावाच्या मेंदूच्या भागावर अवलंबून असते आणि त्या भागाची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. दोन वर्षांच्या मुलाला ‘जरा धीर धर’ असे ओरडून सांगणाऱ्या तिशीतल्या बापाचे स्वतःचे बांधकाम अलीकडेच पूर्ण झालेले असते, आणि त्याच्या ओरडण्यावरून त्याविषयीही शंका घेता येते. शिवाय मुलाची खरी गरज केळ्याहून मोठी असते: ते त्याला स्वतःच्या हाताने सोलायचे असते. परंतु या वयात समजते पुष्कळ आणि बोलता येते थोडे, त्यामुळे ‘नाही’, ‘मी’ आणि ‘माझं’ एवढ्या शब्दसंपत्तीवर ही तक्रार नोंदवणे त्याला जमत नाही, आणि उरलेला मजकूर हातपाय आपटून कळवावा लागतो.

या स्फोटाची वेळही योगायोगाने ठरत नाही. फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्त्रीने 1931 मध्ये आयांनी ठेवलेल्या नोंदींवरून लहान मुलांच्या रागाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जेवणाच्या आधीच्या वेळी असे प्रसंग अधिक घडत असल्याचे आढळले. लग्नाहून परतलेले, दुपारची झोप नातेवाइकांच्या गालगुच्च्यांत गमावलेले आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत भुकेले राहिलेले मूल केळ्यापाशी येते, तेव्हा मुळातच अपुरा असलेला संयम संपलेला असतो आणि केळे केवळ निमित्ताला उरते.

पुढील घटनाक्रमही बराचसा ठरलेला असतो. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या आकांतात राग आणि दुःख अशा दोन भावना असतात. किंकाळ्या आणि लाथांमधून दिसणारा राग सुरुवातीलाच उसळून लवकर ओसरतो, तर रडणे-कुरकुरणे या रूपातले दुःख अखेरपर्यंत टिकते, आणि बहुतेक प्रसंग पाच मिनिटांत आटोपतात. राग शिगेला असताना ‘काय झालं, कुठलं पाहिजे, मोठं ना तू?’ अशी सरबत्ती केल्यास उत्तर द्यायला असमर्थ असलेल्या जिवावर आणखी भार पडतो; म्हणून त्या मिनिटात जवळ बसावे, डोके आपटेल असे टेबल बाजूला सारावे आणि शक्यतो गप्प राहावे, जे घरात चार वडीलधारे असताना अत्यंत कठीण असते. किंकाळीचे हुंदके झाले आणि हात वर आले, की उचलून घ्यावे. असे कुशीत घेणे म्हणजे माघार घेणे नव्हे. तिसरे केळे, त्यावर चॉकलेट आणि वर मोबाइल देणे ही माघार होय. ती रोज न घेता अधूनमधून घेतली तर सवय अधिक चिवट होते, कारण चार दिवस नकार आणि पाचव्या दिवशी पाहुण्यांसमोर होकार मिळाला की चिकाटीला फळ येते हे मुलाला कळते, आणि पाहुण्यांचा उपयोगही कळतो.

हे सारे या वयाला साजेसे असले, तरी त्यालाही मर्यादा आहेत. आकांत वारंवार पंचवीस मिनिटांहून लांबत असेल, मूल स्वतःला किंवा इतरांना नेहमी इजा करत असेल अथवा रडता रडता श्वास रोखून निळे पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. एरवी भूक आणि झोप सांभाळावी, आणि ‘काय खाणार?’ असा अमर्याद प्रश्न टाळून ‘केळं तू सोलणार की मी?’ एवढीच निवड द्यावी. साधारण चौथ्या वर्षापर्यंत शब्द वाढतात, आदळआपट घटते आणि मूल तिच्याऐवजी मुद्देसूद वाद घालू लागते. त्यावरचा उपाय मात्र शास्त्रालाही सापडलेला नाही.