नकाराचे बीजभाषण

चर्चासत्राचे बीजभाषण नाकारण्याचा मोसम महाराष्ट्रात डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि ३१ मार्चला, म्हणजे अनुदान खर्ची टाकण्याच्या शेवटच्या दिवशी, संपतो. या काळात महाविद्यालयांचे समन्वयक वक्त्यांच्या शोधात असतात आणि वक्ते नाही म्हणण्याच्या सोयीस्कर पद्धतीच्या.

सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे ‘बघतो, कळवतो’. बोलणाऱ्याच्या मते हा सभ्य नकार असतो. ऐकणाऱ्याच्या मते तो होकार असतो, कारण छापखानेवाला दाराशी उभा असतो. दोन दिवसांत माहितीपत्रकावर वक्त्याचे नाव आणि त्याचा काळ्या केसांच्या काळातला फोटो झळकतो. मग आदल्या रात्री तब्येत बिघडते. दुसऱ्या दिवशी तीच तब्येत दुसऱ्या गावी शाल-श्रीफळ स्वीकारताना फेसबुकवर दिसते. या पद्धतीत समन्वयकाच्या हाती पर्याय शोधायला एक रात्र उरते आणि उद्‌घाटनाला स्थानिक नगरसेवक बीजभाषण करतात.

दुसरी पद्धत फारशी रूढ नाही: पहिल्याच दिवशी, पत्राच्या पहिल्याच वाक्यात नकार देणे आणि योग्य माणसाचे नाव सुचवणे. समजा, धुळ्याकडच्या एका महाविद्यालयाने अहिराणीवर दोन दिवसांचे राष्ट्रीय चर्चासत्र ठरवले आणि बीजभाषणासाठी पुण्याच्या एका नामवंत प्राध्यापकांना बोलावले. त्यांचे अहिराणीचे ज्ञान एका गोष्टीवर थांबते: ग्रिअर्सनने भाषासर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घेता भिल्ली भाषांसोबत बसवले. एवढ्यावर पन्नास मिनिटे बोलता येते, आणि अनेकजण बोललेही आहेत. पण समजा, हे प्राध्यापक अपवाद आहेत. साक्रीजवळच्या एका महाविद्यालयातल्या बाई गेली अनेक वर्षे गावोगावच्या ओव्या आणि लग्नगीते ध्वनिमुद्रित करत आहेत, हे त्यांना ठाऊक आहे.

पत्राआधी फोन करायचा असतो, आणि तो समन्वयकांना नव्हे, बाईंना. त्या तारखांना त्या मोकळ्या आहेत का, विषय त्यांना पटतो का आणि नंबर दिला तर चालेल का, हे विचारून घ्यावे लागते. ‘आधी मला विचारले होते’ हेही त्याच फोनवर सांगितलेले बरे. हे लपवले तर समन्वयक ते मंचावरून, स्वागतपर भाषणात, माइकवर सांगतात. नाव सुचवणे म्हणजे त्या व्यक्तीच्या वतीने होकार देणे नव्हे, हेही पत्रात उघड लिहावे लागते. नाही तर माहितीपत्रक पुन्हा छापखान्यात जाते.

मग खरी अडचण येते. पिकते तिथे विकत नाही. बाई चाळीस किलोमीटरवर राहतात, एसटीने येतील आणि प्रवासखर्चाचे बिल इतके लहान होईल की लेखापालाला ते संशयास्पद वाटेल. शिवाय राष्ट्रीय चर्चासत्राला दूरचा पाहुणा लागतो, ही प्राचार्यांची श्रद्धा असते. म्हणून शिफारसपत्र समन्वयकांच्या नावाने लिहिले तरी ते वाचले जाणार असते संयोजन समितीच्या बैठकीत, हे लक्षात ठेवून लिहावे लागते. ‘अत्यंत अभ्यासू व्यक्तिमत्त्व’ या शब्दांनी बैठकीत कोणाचेच मत बदलत नाही, कारण समितीतल्या प्रत्येकाच्या निवृत्तीच्या सत्कारात तेच म्हटले जाणार असते. उपयोगी पडतात चार छापण्याजोगी वाक्ये: बाईंचे पद, कोणत्या तालुक्यांत काम केले, काय संग्रहित केले आणि बीजभाषणात काय ऐकवता येईल. ध्वनिमुद्रणे सभागृहात वाजवता येतील, हे वाक्य प्राचार्यांनाही कळते.

विषयाचे शीर्षकही सोडवून द्यावे लागते. प्राध्यापकांसाठी ठरलेले ‘जागतिकीकरणाच्या परिप्रेक्ष्यात बोलीभाषा’ हे शीर्षक तसेच बाईंच्या गळ्यात पडते आणि ओव्या परिप्रेक्ष्यात शिरत नाहीत. बाईंना शीर्षक बदलू द्यावे, अशी एक ओळ पत्रात पुरते. मानधनाविषयीही एक ओळ हवी: प्राध्यापकांना देऊ केलेलेच बाईंना द्यावे. ही ओळ नसेल, तर पर्यायी वक्त्याचे मानधन पुष्पगुच्छात रूपांतरित होते.

काही शिफारशी मात्र ओळखून दूर ठेवाव्या लागतात. नुकतीच पीएच.डी. झालेला स्वतःचाच विद्यार्थी प्रत्येक विषयासाठी सुचवला जात असेल, तर ती विद्यार्थ्याच्या गुणपत्रकाची तरतूद असते. राष्ट्रीय चर्चासत्रातल्या निमंत्रित व्याख्यानाला यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत ३ गुण आहेत. दोन तास बोलणारा प्रतिस्पर्धी सुचवला असेल, तर तो सूड असतो, आणि तो भोगतात ते जेवणाच्या रांगेकडे डोळे लावून बसलेले श्रोते.

पत्र गेल्यावर प्राध्यापकांचे काम संपते. समिती बाईंना बोलावेल किंवा नागपूरहून कोणाला तरी. प्राध्यापकांनी त्यानंतर ‘मग काय ठरलं?’ असा फोन करायचा नसतो. केला, तर समन्वयकांना वाटते की सरांचा विचार बदलला, आणि त्यांचे नाव पुन्हा छापखान्यात जाते.