तारांकित प्रश्न

वॉरंटीच्या कागदाचा फोटो काढणाऱ्याला तो फोटो पुढे कुणी वाचणार आहे असं कधीच वाटत नसतं. माझा भाचा ओंकार याने स्टुटगार्टच्या दुकानात काढलेल्या फोटोत कलम पाचवर त्याचा अंगठा आहे, कलम सातवर ट्यूबलाइटचा लखलखाट आहे आणि कलम तीनच्या शेवटी एक बारीकशी तारका आहे. तारकेचा खुलासा कागदाच्या पाठीमागे. पाठीमागचा फोटो नाही. आणि मूळ कागद? तो खोक्यासकट जर्मन रद्दीत गेला, कारण "मामा, बॅगेत वजन होत होतं."

वजन होतं गिरणीचं. घरगुती, लाकडी अंगाची, आत दगडी जाती. गेल्या दिवाळीत ती आमच्या ओट्यावर आली आणि सौ.ने कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्याशी असलेले जुने संबंध तोडले. ज्वारी, बाजरी, नाचणी, सगळं घरात. श्रावण संपता संपता एके सकाळी गिरणीने नुसता घूंऽऽ असा सूर लावला. पीठ नाही, फिरणं नाही. थोड्या वेळाने आतून 'टक्' झालं आणि सूरही गेला. मोटार तापली की वीज तोडणारं एक छोटं बटण असतं, ते उडालं होतं.

आमच्या गल्लीत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. तिथले दादा आले, गिरणीला कान लावला, कुलदैवताला कौल लावावा तसे डोळे मिटले आणि म्हणाले, "काका, कपॅसिटर गेलाय. दीडशे रुपये. उघडू?"

मी त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. कारण फोटोतलं कलम चार स्वच्छ वाचता येत होतं: अनधिकृत व्यक्तीने यंत्र उघडल्यास हमी रद्द. दीडशे रुपयांसाठी दहा वर्षांची हमी घालवायची? दादा सव्वातीन मिनिटांत बरी करणार होते ती गिरणी आम्ही तत्त्वासाठी बंद ठेवली. सौ. पिशवी घेऊन गुपचूप चक्कीवाल्याकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही.

तक्रारीचा पहिला मसुदा आमच्या सोसायटीतल्या निवृत्त मामलेदारांनी केला. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की' पासून सुरुवात, मध्ये कुटुंबाला झालेला मनस्ताप, शेवटी 'योग्य ती कार्यवाही व्हावी'. ओंकारने फोनवर तो ऐकला आणि विचारलं, "मामा, यात गिरणीला झालंय काय ते कुठे आहे?" नव्हतंच. मनस्तापाला चार ओळी होत्या, बिघाडाला 'नादुरुस्त' हा एक शब्द.

मग ओंकार फोटो मोठा करून एकेक कलम वाचून दाखवायला लागला आणि पेच कळत गेला. दहा वर्षांची हमी होती कारखान्याची, आणि कलम तीन म्हणत होतं की ती युरोपीय संघ आणि स्वित्झर्लंड इथेच चालेल, तारका. आमचा ओटा दोन्हींत बसत नाही. पण कारखान्याने स्वखुशीने दिलेली हमी वेगळी आणि विकणाऱ्या दुकानाची कायद्याने येणारी जबाबदारी वेगळी. जर्मनीत नव्या वस्तूसाठी ही जबाबदारी दोन वर्षं राहते. शिवाय 2022 पासून तिथला नियम असा, की पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो वस्तू हाती आली तेव्हाच होता असं धरायचं. नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं. आमचं वर्ष दिवाळीला भरणार होतं. तेव्हा पत्र जायला हवं दुकानाला, कारखान्याला नव्हे, दिवाळीच्या आत, आणि ओंकारच्या नावाने, कारण पावतीवर तो आहे. मी, म्हणजे ज्याची भाकरी थांबली तो, या व्यवहारात कायद्याच्या दृष्टीने कुणीच नव्हतो.

दुरुस्ती कुठे व्हायची हाही प्रश्न होता. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे 2011 मध्ये असंच प्रकरण आलं होतं. फ्रान्समधल्या ग्राहकाने जर्मन दुकानातून घडीचा कॅम्पिंग ट्रेलर घेतला आणि तो बिघडला. न्यायालय म्हणालं, वेगळं काही ठरलं नसेल तर अशा वेळी वस्तू विक्रेत्याच्या गावी न्यावी. ने-आणीचा खर्च विक्रेत्याचा, हे खरं. पण खर्च अवाच्या सवा होत असेल तर तो नकार देऊ शकतो. पुण्याहून दगडी जाती विमानाने पाठवण्याला अवाच्या सवा म्हणू नये तर काय म्हणावं? म्हणून आम्ही नवी गिरणी मागायची नाही, सुटा भाग मागायचा असं ठरलं. मामलेदारांना हे पटलं नाही. त्यांच्या मते मागताना हत्ती मागावा.

शेवटी गेलेलं पत्र इतकं कोरडं होतं की मला वाचताना तहान लागली. "पावतीची प्रत आणि यंत्राच्या तळावरील पट्टीचा फोटो सोबत आहे, अनुक्रमांक त्यावर वाचता येतो. यंत्र चालू केल्यावर मोटार गुणगुणते, फिरत नाही. थोड्या वेळाने सुरक्षा बटण उडते. धान्याचे पात्र रिकामे करून, जाती एकमेकांपासून दूर ठेवूनही तेच होते, म्हणजे दोष जात्यांत नाही. वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, जर्मनीइतकीच; मोजता 228 भरली. यंत्र उघडलेले नाही. चौदा दिवसांत सुटा भाग पाठवावा."

'जाती दूर ठेवूनही' ही ओळ दादांची. गिरणीवाल्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं म्हणे: तुम्ही तेलकट काहीतरी दळलंत. तीळ-सोयाबीन दळलं की दगडांवर तेलाचा गुळगुळीत थर बसतो, पीठ कोमट आणि गोळा होऊन पडतं. पण मोटार मात्र फिरत राहते. आमची रिकामी असतानाही फिरत नव्हती.

तरी दुकानाने विचारलंच: कोणकोणती धान्यं दळली? इथे घरात दोन तट पडले. गौरीच्या आधी थालीपिठाची भाजणी दळली होती, आणि भाजणीत धणे असतात. कलम सहा तेलबिया वर्ज्य ठरवतं. धणे तेलबी का? सौ.चं म्हणणं, धणे मसाला. मामलेदारांचं म्हणणं, विचारलं नाही ते सांगू नये. ओंकारने सगळं खरं लिहिलं, 'भाजलेल्या धान्य-डाळींचं मिश्रण, त्यात थोडे धणे', आणि शेजारी दगडांचा फोटो जोडला. कोरडे, खरखरीत दगड. यावेळी अंगठा नव्हता.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. सोबत अटींच्या कागदाची दोन्ही बाजूंची प्रत. तारकेचा खुलासा असा निघाला: 'इतर देशांत सुटे भाग मोफत पाठवू, बसवण्याची मजुरी ग्राहकाची.' आम्ही कायद्याचा एवढा घाट घातला आणि हवं ते त्या न काढलेल्या फोटोत होतं. कलम सातमध्ये कारखान्याचा पत्ता होता. अंगठ्याखालचं कलम पाच एका ओळीचं: 'हा कागद जपून ठेवावा.'

कपॅसिटर पाकिटातून आला, सुपारीच्या डबीएवढा. अट एकच, पात्र इलेक्ट्रिशियनने बसवावा आणि तसा सहीशिक्क्याचा दाखला पाठवावा. दादांना विचारलं तर त्यांनी गल्ल्याखालून शिक्क्यांचा अख्खा डबा काढला: गोल, चौकोनी, 'पेड'चा, 'माल तपासून घेतला'चा. त्यांनी सगळे मारले. स्टुटगार्टहून आभाराची ईमेल आली. दाखला अतिशय व्यवस्थित आहे, असं तीत आवर्जून लिहिलं होतं.

मजुरी विचारली.

"दीडशे," दादा म्हणाले.