गॅस बुकिंग

दिवाळीच्या पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि नवरा तबकात ओवाळणी टाकतो. हे लिहायला एक ओळ पुरते, निभवायला मात्र माझी बावीस वर्षं खर्ची पडली.

सुरुवातीची काही वर्षं मी तबकात पाकीट टाकत असे. ते पैसे दुसऱ्याच दिवशी दूधवाल्याला जात. मग कुणीतरी सांगितलं, बायको वर्षभर बोलत असते, त्यात लक्ष घाल, काय द्यायचं ते आपोआप कळतं. मी लक्ष घातलं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "गिरणीवाल्याने आज पुन्हा जाडं दळून दिलं." पाडव्याला मी घरघंटी आणली. आज ती गॅलरीत आहे आणि तिच्यावर तुळशीची कुंडी बसते. पुढच्या वर्षी ती म्हणाली, "हल्ली जिना चढताना दम लागतो." मी वजनकाटा आणला. त्या वर्षी भाऊबिजेला ती डोंबिवलीहून कल्याणला माहेरी गेली ती चार दिवस तिकडेच राहिली.

चूक माझ्या कानांची नव्हती, ऐकलं ते बरोबरच होतं. पण तक्रार म्हणजे मागणी नव्हे, हे मला ठाऊक नव्हतं. गिरणीवाल्याविषयी बोलताना तिला यंत्र नको होतं. "हो ना, फार शेफारलाय तो," एवढं मी म्हणायला हवं होतं. ते फुकट झालं असतं आणि गॅलरीत जागाही राहिली असती.

म्हणून मागच्या वर्षी भाऊबीज आटोपताच मी मोबाइलमध्ये वही उघडली. बायको कधीमधी माझा मोबाइल चाळते, तेव्हा वहीला असं नाव हवं होतं की ती उघडावीशीच वाटणार नाही. मी नाव दिलं, 'गॅस बुकिंग'. ते वर दिसलं की मला स्वतःलाही आपण घरातलं मोठं काम करतोय असं वाटे.

प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असत: तारीख, ठिकाण, तिचे नेमके शब्द आणि त्यांच्या आधी काय घडलं होतं ते. चौथी गोष्ट वायफळ वाटते, पण सगळी मेख तिथेच असते. साडीच्या दुकानासमोर उभं राहून "साडी काय सुंदर आहे!" म्हणणं वेगळं आणि भांडी घासता घासता मध्येच त्या साडीची आठवण काढणं वेगळं. पहिलं साडी वदवते, दुसरं मन.

नोंदी मिळवायच्या जागाही ठरलेल्या होत्या. आम्ही दोघंही ठाण्याला नोकरीला. जाताना ती बायकांच्या डब्यात असते आणि तिची खरी, सविस्तर वाक्यं तिथेच होतात. डोंबिवली ते ठाणे एवढ्या वेळात एक अख्खं आयुष्य बोलून होतं असा माझा अंदाज आहे. मला मिळतो तो उरलेला माल, संध्याकाळी स्टेशनातून बाहेर पडून फडके रोडने घरी चालताना. पण त्यातही दाणे असतात. समोरासमोर बसून "बोल, तुला काय हवंय?" विचारलं की उत्तर "काही नको" हेच येतं. शेजारी शेजारी चालताना, भाजीच्या गाड्यांमधून वाट काढताना ती काहीबाही बोलून जाते. मी तेवढं टिपायचं. घाईने मोबाइल काढला की ती विचारायची, "ऑफिसचं का?" मी म्हणायचो, "गॅसचं."

दसऱ्यापर्यंत एकसष्ट नोंदी झाल्या. मग चाळणी लावली.

आधी गेली दुसऱ्यांच्या वस्तूंची स्तुती. राम मारुती रोडवर एका मैत्रिणीबरोबर दहा पावलांत बायको तीन कुर्ते, एक पर्स आणि मैत्रिणीच्या सुनेचं मंगळसूत्र यांना "किती छान गं!" म्हणाली होती. तो शिष्टाचार होता. त्यानंतर तक्रारी गेल्या, कारण त्यांची फी मी आधीच भरली होती. मग मुदत संपलेली वाक्यं. जूनमध्ये ती म्हणाली होती, "ही छत्री वाऱ्याला उलटी होते." मी मनात छत्री पक्की केली आणि ऑगस्टमध्ये तिने स्वतःच घेऊन टाकली. पावसाळ्यातलं वाक्य दिवाळीपर्यंत टिकत नाही, ते पावसाळ्यातच वटवावं लागतं.

चाळणीत उरल्या तीन नोंदी, आणि तिन्ही एकाच भांड्यापाशी येत होत्या.

पहिली फेब्रुवारीतली, आमच्या जिन्यातली. शेजारच्या वहिनी जुनी पितळी भांडी मोडीत काढत होत्या. ही दोन पायऱ्या पुढे गेल्यावर म्हणाली, "देऊ नयेत हो. आमच्या आईचं पातेलं अजून माळ्यावर आहे."

दुसरी गडकरी रंगायतनमधली. मध्यंतरात वडा खाताना चटणीवर थांबून ती म्हणाली, "चिंचगुळाची चव आईच्या पातेल्यातल्या आमटीची. स्टीलमध्ये ती नाहीच." मग घंटा झाली.

तिसरी गणपतीतली. कल्याणला, आरतीनंतर, कुणाशीच नव्हे असं ती बोलली, "कल्हईवाला दारात यायचा तेव्हा आम्ही मुलं भट्टीपाशी बसायचो. आई हाका मारून दमायची."

एखादी गोष्ट एकदा निघाली तर तो वारा असतो. दोनदा निघाली तर निमित्त असेल. तीन वेगळ्या ठिकाणी, तीन वेगळ्या निमित्तांनी, कुणी न विचारता तीच गोष्ट निघाली, तर ती आत कुठेतरी राहायला आलेली असते.

मी आनंदाने जांभळी नाक्यावर गेलो. भांड्यांच्या दुकानात एक पितळी पातेलं निवडलं, वजन झालं, पैसे काढणार, तेवढ्यात खात्री करायला वही उघडली. बरं झालं मी नुसतं 'पितळी पातेलं' असं टिपून ठेवलं नव्हतं. तिचे शब्द जसेच्या तसे होते आणि त्यांत 'पितळी पातेलं हवं' कुठेच नव्हतं. पहिल्या दोन्ही नोंदींत होतं ते 'आईचं पातेलं'. दुकानदाराला मी "गॅस बुक करायचा राहिलाय" असं काहीतरी सांगून बाहेर पडलो.

शनिवारी ऑफिसचं नाव सांगून कल्याण गाठलं. सासूबाईंना कटात घेतलं. त्या म्हणाल्या, "जावईबापू, ते पातेलं नका नेऊ. आतली कल्हई गेली, पदार्थ कळकायला लागला, म्हणून तर वर टाकलं." मी माळ्यावर चढलो. पातेलं बाहेरून काळं होतं आणि आतून जागोजागी पिवळं पितळ उघडं पडलं होतं. पितळेत तांबं असतं. चिंच, ताक, टोमॅटो असं काही आंबट त्याला लागलं की तांबं त्यात उतरतं, चव बिघडते आणि पोटही. मध्ये कथिलाचा पातळ थर असला की हे होत नाही. तो थर म्हणजेच कल्हई. ती रोजच्या वापराने झिजते, काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते. कल्हईवाले दारावर यायचे थांबले आणि घरोघरची पातेली माळ्यावर गेली.

सासूबाईंच्या ओळखीने जुन्या बाजारात एक कल्हईवाले सापडले. त्यांनी आधी पातेलं आतून घासून पार उघडं केलं, कारण मळावर कथिल धरत नाही. मग निखाऱ्यांवर तापवलं. नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर निघाला आणि पितळ लख्ख झालं. लगेच कथिलाची कांडी टेकवली. ती लोण्यासारखी वितळली आणि त्यांनी कापसाच्या बोळ्याने ती गरगर फिरवून सगळीकडे नेली. मग पातेलं पाण्यात बुडवलं. चर्र! सगळं मिळून चहा थंड व्हायच्या आत. मीही भट्टीपाशी मांडी घालून बसलो होतो. मला हाका मारणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक.

"कथिल शुद्ध आहे ना?" मी उगाच जाणकारासारखं विचारलं. त्यांनी कांडी माझ्या कानाशी धरून वाकवली. "शुद्ध कथिल वाकताना करकरतं, साहेब. शिसं मिसळलेलं असेल तर हा आवाज दबतो. आला का ऐकू?" दुसऱ्यांदा वाकवल्यावर आला. कल्हई नीट झाली की नाही ते कसं ओळखायचं, तेही त्यांनी दाखवलं. आतून चांदीसारखी एकसारखी चकाकी हवी, काळा ठिपका किंवा पिवळी फट नको. आणि दोन ताकिदी दिल्या. आतून तारेची घासणी लावायची नाही आणि रिकामं पातेलं गॅसवर ठेवायचं नाही. कथिल 232 अंशांवर वितळतं. रिकाम्या भांड्याचा तळ बघता बघता तिथवर पोहोचतो आणि कल्हई ओघळते.

येताना लोकलमध्ये मला भेटीचा खरा भाग कळला. पातेलं जड होतं. ते रोज कोण घासणार? कल्हई उडाली की कल्याणला कोण नेणार? हे तिच्यावर पडणार असेल तर मी तिला आठवण नव्हे, काम भेट देत होतो, म्हणजे पुन्हा घरघंटीच. ठाकुर्ली येईपर्यंत ठरलं, घासणं माझं आणि कल्हईच्या फेऱ्याही माझ्या.

पाडव्याला तिने ओवाळलं. पातेलं तबकात मावेना, म्हणून मी ते पाटाशेजारी ठेवलं. ती बघतच राहिली. बोटाने काठावरचा एक पोचा चाचपला. तो बहुधा तिच्याच लहानपणी कुठेतरी आपटून पडलेला असावा.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. तीनदा." मी वही उघडून दाखवली. तिने तिन्ही नोंदी वाचल्या, डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाली, "थांबा, आत्ताच आमटी टाकते."

डाळ शिजली. पातेल्यात फोडणी बसायच्या आधी शेगडीची ज्योत पिवळी झाली, फुरफुरली आणि विझली. दुसरा सिलिंडर कोजागिरीलाच रिकामा झाला होता.

"अहो, मी तेव्हापासून रोज सांगतेय, गॅस बुक करा!"

खरं होतं. ती रोज सांगत होती. मी रोज मोबाइलवर 'गॅस बुकिंग' वाचत होतो आणि ते काम झालंय असं समजत होतो. वहीत ते वाक्य नव्हतं, कारण ते कानाआड जाणारं नव्हतं, सरळ तोंडावर सांगितलेलं होतं. तसल्या वाक्यांसाठी मी वही ठेवलीच नव्हती.

आमटी भाऊबिजेला झाली, कल्याणला, सासूबाईंच्या गॅसवर. पातेलं मी लोकलमधून परत नेलं आणि जेवणानंतर मीच घासलं. वहीचं नाव आता 'वीज बिल' आहे. वीज बिल मात्र मी लगेच भरून टाकलं.