शुक्रवारचं दूध सोमवारी

प्रसूती रजा २६ आठवड्यांची, म्हणजे बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आई घरी, असं सगळे धरून चालतात. पण त्यातले आठ आठवड्यांपर्यंत प्रसूतीआधी घेता येतात आणि पाय सुजलेल्या, लोकलमध्ये उभं राहवत नसलेल्या बायका ते घेतातच. सहा आठवडे आधी गेले, तर ती कामावर परतते तेव्हा बाळ २० आठवड्यांचं, जेमतेम साडेचार महिन्यांचं असतं. डॉक्टर तर सांगतात, सहा महिने फक्त आईचं दूध. मधल्या दीड महिन्याचा सगळा अपराधभाव तिच्या एकटीच्या पदरात पडतो. मला याचा राग येतो, कारण त्यातला मोठा भाग नियोजनाने सुटणारा आहे आणि ते नियोजन तिला कुणी सांगत नाही.

डोंबिवलीहून फोर्टला बँकेत जाणारी आई घेऊ. सकाळी आठला घर सोडलं की संध्याकाळी सातला परत, म्हणजे ११ तास. या वयाच्या बाळाला तासाला साधारण २५ ते ३० मिलिलिटर दूध लागतं. म्हणजे दिवसभराचे जास्तीत जास्त ३३० मिलिलिटर, तीन-चार वेळांत विभागून. एवढंच. फ्रीजर भरून ठेवायची गरज नाही. पहिल्या दिवसापुरता साठा आणि सांडलवंडीसाठी थोडं जास्त असलं की झालं. त्यासाठी रजेच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सकाळच्या पाजण्यानंतर रोज एकदा दूध काढून फ्रीजरमध्ये ठेवावं. पुढे आज ऑफिसात काढलेलं दूध उद्या बाळ पितं. शुक्रवारी काढलेलं सोमवारी चालतं, कारण फ्रीजमध्ये ते चार दिवस टिकतं. फक्त ते आतल्या बाजूला ठेवायचं, दारात नाही. बाहेर चार तासांचा हिशेब २५ अंशांपर्यंतचा आहे, आपल्या एप्रिल-मे महिन्यातल्या स्वयंपाकघराचा नाही. प्रवासाला बर्फाच्या पॅकची थंड पिशवी घ्यावी. दूध गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करावं, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नये.

कामावर परतायचा दिवस सोमवार नसावा, गुरुवार मागावा. दोन दिवसांत काय बिघडतं ते कळतं आणि शनिवार-रविवारी सुधारता येतं.

बिघडतं ते बहुधा असं. संध्याकाळी आजी सांगते, ‘दिवसभर काही प्यायली नाही गं.’ आईच्या पोटात गोळा येतो. पण बरीच बाळं दिवसा जेमतेम पितात आणि आई आली की रात्रभर भरपाई करतात. २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर बाळाचं भागतंय. बाटली नाकारली तर वाटी-चमच्याने पाजावं आणि ते आईने नव्हे, दुसऱ्या कुणीतरी, रजा संपण्याआधीच सुरू करावं. आई समोर असताना बाळ वाटी कशाला घेईल?

दुसरी भीती पान्हा आटण्याची. नोकरीमुळे दूध आटत नाही, ते साचून राहिलं की कमी होतं. म्हणून ऑफिसात साधारण तीन तासांनी काढायलाच हवं. ते चुकलं की छाती दगडासारखी होते, गाठ येते. त्यात लाली आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता ऑफिसवाल्यांनो, तुमच्याकडे वळते. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय रोज दोन वेळा स्तनपानाची सुट्टी हा तिचा कायदेशीर हक्क आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा २०१७ च्या दुरुस्तीने आली, सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. तरीही बायका शौचालयात उभ्याने पंप लावतात. जिथे आपण डबा उघडणार नाही, तिथे बाळाचं अन्न काढायला लावता? एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले. तुमच्याकडे आतून कडी लागणारी एक खोली, प्लगचा पॉइंट आणि फ्रीजमधला एक कप्पा होत नाही?

आईने हे तोंडी मागू नये. रजा संपायच्या महिनाभर आधी ई-मेल करावा. त्यात दोन्ही वेळा लिहाव्यात आणि त्या वेळात काउंटर कोण सांभाळणार, हे साहेबांना ठरवायला सांगावं.

आणि बाळाच्या बाबांनो, पंपाचे भाग धुऊन उकळणं, बाटल्यांवर तारीख घालणं आणि सकाळची पिशवी भरणं हे तुमचं काम आहे. पाळणाघराच्या फॉर्मवर ‘आधी कुणाला फोन करायचा’ असा रकाना असेल, तिथे तुमचा नंबर लिहा. ताप आला तर ऑफिसातून तुम्ही निघा.