आधी खूण, मग नाव

माझ्या आजीला एखाद्या झाडाचं नाव विचारणं म्हणजे सावकाराकडे उसने मागण्यासारखं होतं. मिळायचं, पण तारण ठेवल्याशिवाय नाही. तारण म्हणजे तीन खुणा. पानाची एक, देठाची एक आणि तिसरी कुठलीही, पण स्वतः पाहिलेली. तीन जमल्या नाहीत तर ती पुढं चालू लागायची, आणि मी नाव न कळलेलं झुडूप हातात घेऊन मागं पळायचो.

आमचं गाव सौंसरपासून जवळ. घरापासून वावरापर्यंतची पांदण मोठ्या माणसाच्या चालीनं वीस मिनिटांची होती, आजीच्या चालीनं तासाची. बाकीचे लोक वावरात पोचायला निघत. आजी वाटेत थांबायला निघायची. तिच्या कमरेला विळा, माझ्या डोक्यावर उलटी टोपली. पावसात ती छत्री, पाऊस थांबला की पुन्हा टोपली.

नाव उधार न देण्यामागं कंजूषपणा नव्हता, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. आमचा मुलूख मध्य प्रदेशातला, घरची बोली मराठी आणि शाळा हिंदी. गुरुजींनी पावसाळी वनस्पतींची नावं लिहायला सांगितली तेव्हा मी ठळक अक्षरात 'तरोटा' लिहिलं. त्यांनी लाल शाईनं खोडून 'चकवड' केलं. घरी पुण्याकडची पाहुणी मावशी आली होती. तिनं वही पाहिली आणि म्हणाली, "अरे, याला टाकळा म्हणतात!" एका दिवसात माझ्या झाडाची तीन नावं झाली आणि तिन्ही देणाऱ्यांना आपलंच खरं वाटत होतं. मी आजीकडे तक्रार घेऊन गेलो.

आजी निंदत होती. मान वर न करता म्हणाली, "नावाचं काय घेऊन बसला बाबू? नाव लोकाईनं ठेवलं, पान त्याचं त्यालेच आलं."

तरोट्यापाशीच माझं खरं शिक्षण झालं. मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत धुऱ्यावर, गोठ्यामागं, रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो. बोटभर उंचीचा असतो तेव्हाच त्याची भाजी. कोवळा पाला खुडायचा, उकडून पाणी पिळायचं, लसूण-मिरचीच्या फोडणीवर शिजलेल्या डाळीसोबत परतायचं. फुलं आली की पाला जून होतो आणि चवही जाते. म्हणजे भाजी करायची ती झाडाचं फूल किंवा शेंग दिसण्याच्या पुष्कळ आधी. नेमकी इथेच अडचण.

तरोट्याचा एक दूरचा भाऊ आहे, कासविंदा. तोही त्याच पावसात, त्याच धुऱ्यावर, तसाच संयुक्त पानांचा आणि पिवळ्या फुलांचा. मोठे झाल्यावर दोघे चांगले वेगळे दिसतात. तरोट्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, कडेला फिकट पट्टी असलेली. पण टोपलीत येतात तेव्हा दोघे बाळं असतात आणि बाळांच्या शेंगा मोजता येत नाहीत.

त्या वर्षी मी आठ वर्षांचा होतो आणि भाजी एकट्यानं खुडून आणायचा मान मला पहिल्यांदा मिळाला. टोपली भरून आलो. आजीनं वेळूची सूपं बाजूला सारून ओट्यावर जुनं धोतर पसरलं आणि सगळी भाजी त्यावर ओतली. मला वाटलं कौतुक करणार. तिनं एक काडी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि मला दिली.

"टोक कसं हाये?"

"गोल."

"जोड्या किती?"

मोजल्या. समोरासमोरच्या पानांच्या तीन जोड्या, शेंड्याची जोडी सगळ्यात मोठी.

"खालच्या जोडीमंधी काय दिसते? माह्या डोळ्याले आता दिसत नाही."

मला दिसलं. दोन पानांच्या मधोमध, दांडीवर, खसखशीपेक्षाही बारीक मणी. तिनं मान हलवली. "व्हय तरोटा." काडी डावीकडे गेली.

पाच-सहा काड्यांनंतर एक आली तिच्या पानांना टोक होतं, पिंपळासारखं नाही, पण बोटाला जाणवेल एवढं. जोड्या चार. मणी खालच्या पानांमध्ये नव्हता. पार खाली, देठ खोडाला चिकटतो तिथं होता. मी उत्साहानं म्हणालो, "आजी, हा मोठा तरोटा!"

"हा कासविंदा," आजी म्हणाली. तिनं एवढ्या सहज नाव दिल्याचं ते एकमेव उदाहरण. ती काडी उजवीकडे गेली. शेवटी उजवीकडे एक मूठ जमली आणि डावीकडची भाजी दोघांपुरती राहिली. जोड्यांचं गणित कधी फसतं, कारण अगदी पहिल्या पानाला जोड्या कमीच असू शकतात, म्हणून टोक आधी पाहायचं, हे तिनं त्याच दिवशी बजावलं. मी वैतागून विचारलं, की पाला तर पाला, शिजवला की काय होतं?

आजीचं उत्तर अर्धं होतं आणि ते तिला माहीत होतं. पाला खोकल्याला देतात, असं ती म्हणाली. (नावातला 'कास' म्हणजे खोकला, आयुर्वेदात याला कासमर्द म्हणतात, खोकला चिरडणारा.) पण त्याच्या शेंगांशी लेकरानं खेळायचं नाही, बिया तोंडात घालायच्या नाहीत. का, हे तिला सांगता आलं नाही. तिच्या सासूनं सांगितलं होतं, एवढंच.

पुढे पुष्कळ वर्षांनी मला कारण वाचायला मिळालं. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा संपता संपता दरवर्षी लहान मुलं अचानक आजारी पडत, उलट्या होत, झटके येत, शुद्ध हरपे आणि पुष्कळ मुलं दोन-चार दिवसांत दगावत. वर्षानुवर्षं तो मेंदूज्वर समजला गेला. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ विपिन वशिष्ठ, वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या घरी जाऊन चौकशी केली, तेव्हा या मुलांनी कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्याचं निघालं. तिकडं कासविंद्याला कसौंदी म्हणतात. बियांतलं विष यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर जातं. 2007 साली हे प्रसिद्ध झालं. आजीची सासू मात्र त्याआधीच कधीतरी हे सांगून गेली होती, कारण न देता. यात कुणाचं कौतुक करावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सासूला विष माहीत नव्हतं, पण शेंग माहीत होती.

आजीची परीक्षा फक्त धोक्याच्या झाडांचीच नव्हती. पांदणीतल्या कडुलिंबावर गुळवेल चढली होती. तिच्या खुणा आजी चाखवून शिकवायची, त्यामुळे मला त्या नीट आठवतात. पान हृदयाच्या आकाराचं. वेलीची वरची साल कागदासारखी सुटते, आत हिरवा रंग. आडवा काप घेतला तर बैलगाडीच्या चाकासारख्या आऱ्या. आणि वेलीवरून खाली सोडलेल्या दोऱ्यांसारख्या मुळ्या, ज्यांना धरून मी झोके घ्यायचा प्रयत्न करायचो आणि चिखलात पडायचो. मग तुकडा जिभेवर. कडूपणा असा, की त्यानंतर दुपारपर्यंत गूळही संशयास्पद लागे.

करोनाच्या काळात हीच वेल घरोघरी उकळली गेली. तेव्हा मुंबईच्या काही डॉक्टरांनी काढा घेतलेल्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं, की गुळवेल निर्दोष आहे आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात तिच्या नावावर खपली असावी. त्या जातीच्या वेलीवर जाड गाठी असतात, तोडल्यावर दुधासारखा चीक येतो आणि फळ लांबट नारिंगी असतं. आपल्या गुळवेलीला तसा चीक नाही आणि फळ गोल, लाल. वाद अजून संपलेला नाही. मला मात्र खात्री आहे, की पिशवीतली पूड पाहिली असती तर आजीनं पहिला प्रश्न विचारला असता, "पान कुठं हाये?" पुडीला टोक नसतं, जोड्या नसतात, काहीच नसतं. आणि रोज पेलाभर पिणं तिलाही मंजूर नव्हतं. ताप असेल तेव्हा, तोही तीन दिवस, बस्स.

कंबरमोडीच्या बाबतीत मात्र आजीचं आणि माझं थोडं भांडण झालं. केसाळ, खरखरीत, दातेरी पान, वीतभर उघडा दांडा आणि त्यावर एकटंच छोटं फूल, मध्ये पिवळं, कडेला पाच-सहा पांढऱ्या पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दात. खरचटलं की पानं तळहातावर चोळून रस लावायचा, पण आधी जखम पाण्यानं धुवायची. पुढे मी वाचलं, की ही वनस्पती मूळची अमेरिकेतली, तिकडून आलेली. मी आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग काय झालं? आता तर इथंच राह्यते ना?" पुस्तकातलं कळवून मला मिळालेलं समाधान तेवढ्यावरच संपलं.

तिचं माहेर पांढुर्ण्याजवळचं सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात, मध्ये पात्रात रोवलेला पळस कोण नेतो त्यासाठी. तिच्या भावाचं डोकं त्यात एकदा फुटलं होतं. मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, "मग कंबरमोडी लावली?"

"डोक्याले? वेडा झाला का? दवाखान्यात टाके घातले. कंबरमोडी काट्या-खरचट्याची. एवढ्या गोट्याले लावायची म्हटलं तर सारं सावरगाव खुडून काढा लागंल." सापाच्या बाबतीतही तिचा हाच कायदा होता. साप चावला तर झाड नाही, गाडी.

2023 साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. त्याआधी आम्ही छिंदवाड्याचे होतो. आजी हे पाहायला नव्हती. पांदणीचा सिमेंट रस्ता झाला, कडुलिंब गेला, त्याबरोबर गुळवेलही. तरोटा मात्र सिमेंटच्या कडेलाही येतो.

मी आता नागपुरात राहतो. गेल्या आषाढात बाजारातून तरोट्याच्या चार जुड्या आणल्या, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मुलीला शेजारी बसवलं. तिनं पहिली काडी उचलून नाव विचारलं. मी सांगितलं नाही. चार जुड्यांत टोकदार पानांच्या अकरा काड्या निघाल्या.