इस्ट्रेस आणि एक्स्टर्नल

तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला विषय किती समजला हे तपासतात, असा एक समज आहे. ज्यांनी इंजिनीअरिंगची ओरल दिली आहे, त्यांचा तो पहिल्याच सेमिस्टरला उतरतो.

'स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स' हाच विषय घ्या. त्यातले निम्मे महत्त्वाचे शब्द 'स'च्या जोडाक्षरानं सुरू होतात. स्ट्रेस, स्ट्रेन, स्टिफनेस, स्टील, स्प्रिंग, शिवाय खुद्द विषयाचं नाव. एक्स्टर्नल विचारतात, "वीस मिलिमीटर व्यासाची पोलादी सळई आहे. ३१.४ किलोन्यूटननं ओढली. पुढे सांग." तालुक्याच्या गावाहून आलेला पोरगा मनातल्या मनात क्षेत्रफळ काढतो, ३१४ चौरस मिलिमीटर. मग म्हणतो, "सर, इस्ट्रेस शंभर न्यूटन पर स्क्वेअर मिलिमीटर. ई दोन लाख धरला तर इस्ट्रेन ०.०००५. म्हणजे मीटरभर सळई अर्धा मिलिमीटर लांबेल."

उत्तर बरोबर आहे. पद्धत बरोबर, एकक बरोबर, आणि सळई खरोखर तेवढीच लांबेल. पण सरांची पेन्सिल 'इस्ट्रेस'लाच थांबलेली असते. "इस्ट्रेस नाही रे, स्ट्रेस. म्हण." पोरगा म्हणतो, "इस्ट्रेस." शेजारचे इंटर्नल खिडकीबाहेर बघत हसतात. इथून पुढे परीक्षा सळईची राहत नाही, पोराच्या जिभेची होते.

गंमत अशी, की ज्या 'इ'वर सर इतके वैतागतात ती कुठेही घुसत नाही. तिला नियम आहे, आणि तो नियम ती सरांच्या हजेरीपत्रकापेक्षा काटेकोरपणे पाळते. 'स' नंतर क, ट, प यांसारखं हवा पूर्ण अडवणारं व्यंजन आलं, की जादा स्वर पुढे बसतो. इस्कूल, इस्टेशन, इस्पेशल. पण जोडाक्षरात दुसरं र किंवा ल असेल, तर तोच स्वर मध्ये शिरतो. ग्लासचा गिलास होतो, क्लासचा किलास, प्लेटची पिलेट, ब्रेकचा बिरेक. 'इग्लास' कोणी म्हणत नाही. 'इक्लास'ला गेलेला विद्यार्थी महाराष्ट्रात अजून सापडायचा आहे.

याचं कारण तोंडात आहे. 'ग'नंतर 'ल' म्हणताना बंद झालेला मार्ग हळूच उघडतो, तिथे एक बारीक स्वर सहज मावतो. 'स'चं उलट आहे. आधी हवेचा फुत्कार, मग एकदम कुलूप. हा सांधा कानाला एकजीव वाटतो आणि तो फोडायला जीभ नाराज असते. म्हणून ती दाराबाहेर एक स्वर उभा करते आणि 'इस्-कूल' असे दोन सरळ तुकडे पाडते. पंजाबीत मात्र हा सांधाही फोडतात आणि सकूल, सटेशन म्हणतात. त्यामुळे पंजाबी मित्राच्या तोंडी कधीकधी स्पोर्टचा सपोर्ट होतो. आमची 'इ' असा घोटाळा क्वचितच करते.

आता कोणी म्हणेल, मराठीत स्पष्ट, स्थान, स्मरण, स्पर्श आहेतच की. आहेत, पण ते संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले. जे शब्द पिढ्यान् पिढ्या तोंडातून झिजत आले, त्यांच्या सुरुवातीचा 'स' मराठीनं केव्हाच गिळला. स्कंधाचा खांदा झाला, स्थानाचं ठाणं, स्तनाचं थान. खेड्यातली आजी 'ठेसन' म्हणते तेव्हा ती स्टेशनला तोच जुना कायदा लावत असते. आणि स्वर पुढे लावायची युक्तीही इंग्रज आल्यावर निघालेली नाही. पालीत स्त्रीला 'इत्थी' म्हणतात. 'स' विरघळला, पण त्याच्यापुढे उभी केलेली 'इ' दोन हजारांहून अधिक वर्षं तिथेच आहे. बौद्ध भिक्खूंना त्यासाठी कोणी गुण कापल्याचं ऐकिवात नाही.

एका बाबतीत मात्र नशिबाचे आभार मानायला हवेत. ही जादा 'इ' जर सरसकट 'अ' असती, तर मराठी माध्यमातली ओरल म्हणजे रोजची दंगल झाली असती. स्थिरचं अस्थिर आणि स्पष्टचं अस्पष्ट. पोरानं 'उत्तर अस्पष्ट आहे' म्हणावं आणि सरांनी 'मान्य' म्हणून पुढचा प्रश्न विचारावा.

असो. 'इ' काढायची असेल तर ती काढता येते. 'म्हण, म्हण' असं ओरडून ती जात नाही, कारण पोराला ती ऐकूच येत नसते. आपण स्ट्रेस म्हणालो असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. सरांच्या आणि त्याच्या उच्चारातला फरक त्याच्या कानाच्या हिशेबातच नाही. म्हणून कान सोडून बोटांना विचारायचं. दोन बोटं गळ्यावर, घाटीवर ठेवायची आणि शब्द म्हणायचा. 'स' म्हणताना गळा थरथरत नाही, 'इ' म्हणताना थरथरतो. फुत्काराच्या आधी बोटांना थरथर लागली, तर स्वर पुढे उभा आहे. फुत्कार आधी आणि थरथर नंतर, तर स्वर गेला.

दुसरी गोष्ट अशी, की हीच जीभ 'पुस्तक', 'रस्ता', 'नमस्कार' बिनदिक्कत म्हणते. स्त, स्क तिला येतात. फक्त त्यांनी बोलण्याची सुरुवात करायला ती तयार नसते. म्हणून वाक्याची सुरुवातच बदलायची. आधी स्वरानं संपणारा शब्द आला, की 'स' त्याच्या शेपटीला चिकटतो आणि जादा 'इ'चं कामच उरत नाही. नुसतं 'स्ट्रेस' म्हणताना अडणारा पोरगा 'द स्ट्रेस' म्हणताना बहुतेक वेळा सुटतो, कारण तोंडात ते 'दस्-ट्रेस' होतं. ते जमलं की तो आधीचा शब्द हळूहळू बारीक करत न्यायचा, आणि शेवटी नुसता लांब 'स्स्स' काढून त्याला 'ट्रेस' जोडायचा. काही दिवसांचा सराव आहे. मर्यादाही सांगून ठेवतो. घरी आरशासमोर जमलेला उच्चार एक्स्टर्नलसमोर पळतो, कारण घाबरलेली जीभ जुन्या वाटेनं जाते. म्हणजे ज्या खोलीत 'इ'ची चौकशी चालते, त्याच खोलीत ती सगळ्यात जास्त जन्माला येते.

पण या चौकशीचा खरा प्रताप पुढच्या सेमिस्टरला दिसतो. 'इस्ट्रेस'वरून हसं झालेलं पोरगं आता शब्दाच्या सुरुवातीला 'इ' किंवा 'ए' दिसली की ती उपटून फेकतं. सिव्हिलला 'एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग' नावाचा विषय असतो. तिथे हा सुधारलेला विद्यार्थी छाती पुढे काढून सांगतो, "सर, डिटेल्ड स्टिमेट तयार केलं." इस्टेट म्हणायचं असेल तर स्टेट म्हणतो, 'एस्टॅब्लिश'चं स्टॅब्लिश करतो. आधी तो नियमानं चुकत होता, आता भीतीनं चुकतो. गावचा गवंडी, ज्यानं कॉलेज बाहेरूनच पाहिलं, तो 'इस्टिमेट' म्हणतो, आणि त्या शब्दापुरता इंजिनीअरपेक्षा बरोबर असतो.

आणि ज्या इंग्रजीच्या नावानं हा दंड वसूल होतो, तिचं कपाट तरी उघडून बघा. लॅटिनमधल्या 'स्कोला'ला स्पॅनिश लोकांनी 'एस्क्वेला' केलं, पोर्तुगिजांनी 'एश्कोला', जुन्या फ्रेंचांनी 'एस्कोल'. फ्रेंचांनी तर पुढे 'स'सुद्धा टाकून दिला आणि 'एकोल' केलं. म्हणजे मूळ शब्दातलं व्यंजन गेलं आणि बाहेरून लावलेला स्वर मालक होऊन बसला. त्या जुन्या फ्रेंचमधून असे शब्द इंग्रजीत गेले, आणि इंग्रजीनं ते जादा स्वरासकट ठेवून घेतले. स्टेट आणि इस्टेट, स्पेशल आणि इस्पेशल, स्क्वायर आणि एस्क्वायर या जोड्या त्याच खटपटीतून आल्या आहेत. फ्रेंच जिभेला 'स्ट' जमला नाही, तर शब्दकोशात नोंद झाली. आमच्या जिभेला जमला नाही, तर चार मार्क गेले.

उच्चार तपासूच नका, असं माझं म्हणणं नाही. आयईएलटीएससारख्या परीक्षेत बोलण्याचे चार निकष असतात आणि उच्चार त्यातला एक असतो. तिथे परीक्षा भाषेचीच असते, आणि तिथेही ऐकणाऱ्याला किती सहज कळलं हे महत्त्वाचं असतं, बोलणारा कुठल्या गावचा हे नाही. आपल्याकडे बारावीच्या इंग्रजीला तोंडीचे २० गुण असतात, तिथे इस्कूलवर बोलायचं तर बोला. पण सळईच्या ओरलमध्ये सळईबद्दल विचारा. 'इस्ट्रेस'मुळे क्षेत्रफळ बदलतं का, भार बदलतो का, सळई जास्त लांबते का? तसं होत असेल तर 'इ'साठी हूक साहेबांच्या नियमात दुरुस्ती करायला हवी.

तोवर एक साधी सूचना. जादा स्वराचे गुण जरूर कापा, पण कापताना कारण लिहा. 'स्ट्रेसची व्याख्या आली, गणित आलं, एकक आलं, मात्र सुरुवातीला एक स्वर जास्त आला, सबब तीन गुण वजा', खाली सही, तारीख. असं लिहायला किती एक्स्टर्नलांचा हात धजेल ते बघू. अडचण एवढीच आहे, की ओरलच्या गुणयादीत सीट नंबर असतो, आकडा असतो आणि सही असते. कारणाचा रकाना त्यात छापलेलाच नसतो.